न पाठवलेला मजकूर चॅटमध्ये कुठे राहतो आणि कधी जातो

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपसाठी फोनवर अर्धवट लिहिलेला मजकूर कधी दोन-दोन आठवडे तसाच राहतो, तर कधी पाच मिनिटांत गायब होतो. लॅपटॉपवर तोच ग्रुप उघडला तर काहीच दिसत नाही. एकदा तर मेसेज पाठवून झाल्यावर तोच मजकूर खालच्या चौकटीत परत आला. हा ड्राफ्ट नेमका कुठे साठवला जातो?

उत्तर: अनेक वर्षे चॅट ॲपच्या अँड्रॉइड बाजूवर काम केल्यामुळे या तिन्ही तक्रारी मी वापरकर्त्यांकडून वारंवार ऐकल्या आहेत आणि त्यांतली एक माझ्याच कोडमुळे झालेली आहे. तिन्हींचे मूळ एकाच गोष्टीत आहे: मसुदा हा संदेश नसतो. पाठवण्याचे बटण दाबले की संदेशाला स्वतःची ओळख मिळते, तो रांगेत लागतो, नेटवर्क नसेल तर थांबतो, पोहोचला की त्यावर खूण उमटते. मसुद्याला यांतले काहीच मिळत नाही. ॲपच्या लेखी तो एका चॅटला लावून ठेवलेली चिठ्ठी असतो. चिठ्ठी कोणत्या चॅटची आणि तिच्यावर काय लिहिले आहे, मुख्यतः एवढ्या दोन गोष्टींची नोंद असते.

सिग्नलच्या अँड्रॉइड ॲपचा कोड सर्वांना खुला असल्यामुळे तिथे हे प्रत्यक्ष पाहता येते. फोनमधल्या त्याच्या कूटबद्ध डेटाबेसमध्ये `drafts` नावाचा तक्ता आहे. त्यातला `thread_id` हा स्तंभ चॅट सांगतो, `type` हा मसुद्याचा प्रकार सांगतो आणि `value` मध्ये मजकूर असतो. आपण कुणाच्या संदेशाला उत्तर म्हणून लिहायला घेतले असेल, तर तो उद्धृत संदेश वेगळ्या प्रकारची स्वतंत्र नोंद म्हणून जातो. म्हणूनच एखाद्या ॲपमध्ये मजकूर परत दिसतो पण ‘कोणाला उत्तर’ हा भाग निघून गेलेला असतो, असे घडू शकते: दोन नोंदींपैकी एक टिकलेली असते आणि दुसरी नसते.

नवा मसुदा आला की जुन्या नोंदीची जागा तो घेतो. आधीची आवृत्ती कुठेही ठेवली जात नाही. वहीत खोडलेली ओळ वाचता येते, तशी मसुद्याची मागची ओळ वाचता येत नाही. गेलेला मसुदा परत मिळवून द्या, अशी विनंती करणाऱ्यांना म्हणूनच नकार द्यावा लागतो.

आता मजकूर त्या तक्त्यापर्यंत पोहोचतो कधी, हे पाहू, कारण गायब होण्याची बहुतेक कारणे या ‘कधी’मध्ये आहेत. आपण टाइप करत असतो तेव्हा अक्षरे फक्त चौकटीत, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. प्रत्येक अक्षरागणिक डेटाबेसमध्ये लिहिणे शक्य असले तरी ते महाग पडते, त्यामुळे ॲप योग्य क्षणाची वाट पाहते. एक पद्धत अशी की आपण चॅटमधून बाहेर पडलो, किंवा ॲप मागे टाकून दुसरीकडे गेलो, की त्या क्षणी मजकूर जतन करायचा. अँड्रॉइड अशा वेळी ॲपला `onPause` आणि मग `onStop` असे इशारे देते. दुसरी पद्धत अशी की टाइप करणे थोडा वेळ थांबले की जतन करायचे. काळजीपूर्वक लिहिलेली ॲप्स दोन्ही वापरतात.

टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपच्या खुल्या कोडमध्ये हे अंतर आकड्यांत दिलेले आहे. टाइप करताना १ सेकंदाची उसंत मिळाली की मसुदा संगणकाच्या डिस्कवर लिहिला जातो; आपण न थांबता लिहितच राहिलो, तरी ५ सेकंदांपेक्षा अधिक वाट पाहिली जात नाही. सर्व्हरवर पाठवण्यासाठी मात्र १४ सेकंदांची शांतता लागते. आपण दुसऱ्या चॅटमध्ये गेलो तर इतके थांबावे लागत नाही, पण लिहिता लिहिता उठून लगेच फोन हातात घेणाऱ्याला काही सेकंद जुना मजकूर दिसतो, तो याच १४ सेकंदांमुळे.

पाच मिनिटांत गायब होणारा मसुदा बहुधा असा जातो. समजा ॲप फक्त `onDestroy` या शेवटच्या इशाऱ्याच्या वेळी मसुदा लिहिते. आपण अर्धा परिच्छेद लिहिला, मध्येच फोन आला, मग कॅमेरा उघडला. मागे पडलेल्या ॲपची जागा अँड्रॉइडला हवी झाली की ते त्याची प्रक्रिया थेट संपवते आणि तेव्हा `onDestroy` येईलच याची हमी नसते. कमी रॅम असलेल्या फोनवर हे दिवसातून अनेकदा घडते, भरपूर रॅम असलेल्या फोनवर क्वचित. एकाच ॲपबद्दल एक जण ‘कधीच जात नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘नेहमी जातो’ म्हणतो, त्यात दोघांचेही खरे असते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. अँड्रॉइड अशा वेळी पडद्याची अवस्था एका छोट्या गाठोड्यात जपून ठेवते आणि परत आल्यावर चौकटीतला मजकूर त्यातून भरते. त्यामुळे चाचणी करणाऱ्याला वाटते की मसुदा नीट साठतो आहे. पण हे गाठोडे चॅटचे नसून त्या पडद्याचे असते. अलीकडील ॲप्सच्या यादीतून ॲप सरकवून बंद केले की ते गाठोडे जाते आणि त्याबरोबर मजकूरही जातो. ‘ॲप मागे टाकले तर मसुदा राहतो, सरकवून बंद केले तर जातो’ असे लक्षण दिसले, तर त्या ॲपमध्ये चॅटनिहाय साठवण नाही किंवा ती उशिरा होते, असे खुशाल समजावे.

मसुदा नीट साठल्यानंतरही जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते कोडच्या बाहेरून कळत नाही. जुना पाठवलेला संदेश दुरुस्त करायला घेतला की त्याचा मजकूर त्याच चौकटीत येतो. चौकट एकच, नोंदही चॅटमागे एकच, असे ॲप असेल तर दुरुस्तीचा मजकूर मसुद्यावर बसतो आणि दुरुस्ती संपली की चौकट रिकामी होते. आपल्याला वाटते मसुदा आपोआप गेला. खरे तर अर्ध्या मिनिटापूर्वी स्वतःच्याच संदेशातली एक वेलांटी दुरुस्त करताना तो पुसला गेलेला असतो. टेलिग्राम डेस्कटॉप दुरुस्तीचा मसुदा वेगळा ठेवते, ती पद्धत योग्य आहे. तयार मजकुरासह चॅट उघडणारी लिंक दाबली किंवा दुसऱ्या ॲपमधून ‘शेअर’ करून चॅटमध्ये आलो, तरी हीच गत होऊ शकते.

मराठी लिहिणाऱ्यांना एक जास्तीची अडचण येते. रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी मिळवणाऱ्या कीबोर्डमध्ये शब्द पूर्ण होईपर्यंत तो कच्चा, अधोरेखित अवस्थेत असतो. जागा सोडली की पक्का होतो. ब्राउझरमधल्या अनेक चॅट खिडक्या कच्च्या शब्दाच्या काळात होणारे बदल मुद्दाम दुर्लक्षित करतात, नाहीतर अक्षरे दुप्पट होणे किंवा कर्सर उडी मारणे असे त्रास होतात. या काळात आपण टॅब बंद केला, तर मसुदा राहतो पण शेवटचा शब्द राहत नाही. ‘सभा रविवारी सकाळी’ एवढेच उरले आणि ‘दहाला’ गेले, असे दिसले तर दोष साठवणुकीचा नसून या कच्च्या शब्दाचा असण्याची शक्यता मोठी. खिडकी सोडण्यापूर्वी एकदा स्पेस दाबणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पाठवल्यानंतरही परत येणाऱ्या मजकुराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. आम्ही बनवलेल्या एका ॲपमध्ये हा दोष महिनाभर होता. एका संस्थेच्या कार्यवाहांनी कळवले की पाठवलेली सूचना पुन्हा चौकटीत दिसली, त्यांना वाटले की ती गेलीच नाही, आणि त्यांनी ती दुसऱ्यांदा पाठवली. आमच्या फोनवर ते कधीच घडत नव्हते, कारण आम्ही चाचणी करताना लिहून झाल्यावर क्षणभर थांबत होतो आणि मग बटण दाबत होतो. ते मात्र शेवटचा पूर्णविराम देताच पाठवत होते.

घड्याळ लावून पाहिल्यावर क्रम उलगडला. शेवटचे अक्षर १०:०२:०५.० ला पडले. त्याबरोबर एका सेकंदाचा टायमर सुरू झाला आणि त्याने त्या क्षणीचा मजकूर स्वतःजवळ धरून ठेवला. पाठवण्याचे बटण १०:०२:०५.४ ला दाबले गेले. संदेश गेला, मसुद्याची नोंद पुसली गेली, चौकट रिकामी झाली. इथपर्यंत सर्व योग्य होते. पण १०:०२:०६.० ला टायमर वाजला आणि त्याने हातात धरलेला जुना मजकूर नव्याने नोंदवला. वापरकर्ता बाहेर जाऊन परत चॅटमध्ये आला की तो मजकूर चौकटीत हजर. पुसण्याची क्रिया झालीच होती, फक्त तिच्यानंतर सहा दशांश सेकंदांनी कोणीतरी पुन्हा लिहिले होते.

दुरुस्ती छोटी होती. पाठवताना आधी टायमर रद्द करायचा आणि मग संदेश रांगेत टाकणे व मसुदा पुसणे या दोन्ही क्रिया डेटाबेसच्या एकाच व्यवहारात करायच्या, म्हणजे एक झाली आणि दुसरी राहिली असे होणारच नाही.

```kotlin
suspend fun send(chatId: Long, text: String) {
    draftJob?.cancelAndJoin()
    db.withTransaction {
        outbox.insert(chatId, text)
        drafts.delete(chatId)
    }
}
```

यातले `cancelAndJoin` महत्त्वाचे आहे. नुसते `cancel` केले आणि जतन करण्याचे काम त्याच क्षणी अर्ध्यावर असले, तर ते आपण पुसल्यानंतर पूर्ण होऊ शकते. म्हणून ते खरोखर थांबेपर्यंत वाट पाहायची. व्यवहाराचा दुसरा फायदा असा की बटण दाबताच फोन बंद पडला, तरी सुरू झाल्यावर मजकूर एक तर रांगेत सापडतो नाहीतर शेवटचा जतन झालेला मसुदा जागेवर असतो. संदेश रांगेत आणि मसुदाही शिल्लक, किंवा मसुदा पुसलेला आणि रांग रिकामी, अशी अवस्था येत नाही.

मसुदा सर्व्हरवर असेल तर पुसणे आणि लिहिणे यांतली हीच शर्यत नेटवर्कवर होते. टेलिग्रामने मसुदे सर्व उपकरणांवर जुळवून ठेवण्याची सोय जून २०१६ मध्ये आणली. ॲप `messages.saveDraft` ही विनंती पाठवते, सर्व्हर तो मसुदा खात्यात ठेवतो आणि आपल्या इतर उपकरणांना `updateDraftMessage` ने कळवतो. संदेश पाठवणे आणि मसुदा पुसणे या दोन वेगळ्या विनंत्या असत्या, तर एक पोहोचून दुसरी हरवली असती. म्हणून संदेश पाठवण्याच्या विनंतीतच `clear_draft` अशी खूण लावता येते आणि दोन्ही कामे सर्व्हरवर एका दमात होतात.

दोन उपकरणांवर एकाच चॅटमध्ये वेगवेगळे लिहिले तर काय होते, हे एका उदाहरणाने सांगतो. १० वाजता आपण लिफ्टमध्ये फोनवर ‘सभा रविवारी आहे’ असे लिहून चॅटमधून बाहेर पडलात. नेटवर्क नसल्यामुळे विनंती ॲपमध्येच अडकली. १० वाजून ५ मिनिटांनी लॅपटॉपवर तोच ग्रुप उघडून आपण ‘सभा शनिवारी, गच्चीवर’ असे लिहिले आणि ते सर्व्हरवर गेले. १० वाजून ८ मिनिटांनी फोनला नेटवर्क मिळाले, ॲप तोवर जिवंत असल्यामुळे अडकलेली विनंती निघाली आणि सर्व्हरवर ‘सभा रविवारी आहे’ हा जुना मजकूर नव्या मजकुरावर बसला. `messages.saveDraft` मध्ये आपण मजकूर कधी लिहिला ही वेळ जात नाही, त्यामुळे शेवटी पोहोचलेला जिंकतो, शेवटी लिहिलेला नव्हे. दोन मसुदे एकत्र गुंफण्याचा प्रयत्न कोणी करत नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. दोन अर्धवट वाक्यांची सरमिसळ कुणालाही नको असते.

टेलिग्रामच्या गुप्त चॅट या व्यवस्थेत येत नाहीत. त्या दोन उपकरणांमध्येच बांधलेल्या असल्यामुळे त्यांचे मसुदेही त्या उपकरणाबाहेर जात नाहीत. सिग्नलमध्ये सर्वच चॅट टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात आणि फोनवरचा मसुदा जोडलेल्या संगणकावर येत नाही. लॅपटॉपवर काहीच न दिसणे याचे उत्तर बहुतेकदा इतकेच असते: आपले ॲप मसुदा त्या उपकरणापुरता ठेवते. त्यात काही बिघडलेले नसते.

ब्राउझरमध्ये उघडलेल्या चॅटची तऱ्हा आणखी वेगळी. मॅट्रिक्स या खुल्या चॅट जाळ्यावरचे एलिमेंट हे ॲप ब्राउझरच्या `localStorage` मध्ये मसुदा ठेवते आणि त्याची किल्ली `mx_cider_state_` या शब्दांपुढे खोलीचा, म्हणजे त्या चॅटचा, ओळख-क्रमांक जोडून तयार होते. ही साठवण त्या ब्राउझरची असते. क्रोममध्ये लिहिलेले फायरफॉक्समध्ये दिसत नाही, खासगी खिडकी बंद केली की जाते आणि साइटचा डेटा पुसला की जाते. सफारी तर मार्च २०२० पासून आपण होऊन झाडलोट करते: सफारी सात दिवस वापरली पण त्या साइटला हात लावला नाही, तर साइटने स्क्रिप्टने साठवलेला डेटा ती पुसून टाकते. सुट्टीवरून परतल्यावर आयपॅडवरचा मसुदा नाहीसा झाल्याची तक्रार कुणी केली, तर मी आधी ब्राउझर विचारतो.

आता दोन आठवडे टिकणाऱ्या मसुद्याबद्दल. ज्या क्षणी तो डेटाबेसमध्ये गेला, त्या क्षणापासून त्याला कोणी हात लावण्याचे कारणच उरत नाही. मसुद्याला साधारणपणे मुदत नसते. आपोआप नाहीसे होणारे संदेश सुरू केलेले असले तरी तो टायमर पाठवलेल्या संदेशासाठी असतो. मसुदा पाठवलेलाच नसल्यामुळे त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण संवेदनशील मजकूर आपोआप जाईल या भरवशावर अर्धवट सोडला, तर तो चॅटच्या यादीत ‘ड्राफ्ट’ या शब्दापुढे पहिल्या काही शब्दांसह दिसत राहतो. तो घालवायचा तर चौकटीतला मजकूर स्वतः पुसून चॅटमधून बाहेर पडावे लागते. बाहेर पडणे आवश्यक, कारण पुसलेली चौकट नोंदवण्याचा क्षणही तोच असतो. मजकूर पुसून लगेच ॲप बळजबरीने बंद केले, तर जुना मसुदा पुन्हा समोर येऊ शकतो.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधले ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ यांतला फरकही अनेकांना माहीत नसतो. मसुद्यांचा डेटाबेस कॅशेमध्ये नसतो, त्यामुळे पहिल्या बटणाने मसुदे जात नाहीत. दुसऱ्याने सर्व जातात; ॲप काढून पुन्हा टाकल्यावरही उपकरणापुरते मसुदे गेलेलेच समजावेत.

आपले ॲप कोणत्या प्रकारचे आहे, हे दहा मिनिटांत तपासता येते. दोन चॅट निवडा आणि दोन्हींत वेगवेगळी ओळ लिहा. पहिल्या चॅटमधून मागे येऊन यादीत ‘ड्राफ्ट’ ही खूण दिसते का पाहा; दिसली तर चॅटनिहाय साठवण आहे. दुसऱ्या चॅटमध्ये लिहिल्यावर मागे न येता थेट अलीकडील ॲप्सच्या यादीत जा, तिथून ॲप सरकवून बंद करा आणि पुन्हा उघडा. मजकूर राहिला तर जतन वेळेवर होते. मग वीस सेकंद थांबून दुसऱ्या उपकरणावर पाहा. तिथे ओळ आली तर मसुदा सर्व्हरवर आहे, नाही आली तर तो त्याच फोनमध्ये आहे. शेवटी एक ओळ लिहून शेवटचे अक्षर पडताच पाठवा, पाच सेकंदांनी चॅटमधून बाहेर जाऊन परत या. ओळ परत आली, तर आपल्याला तोच दोष भेटला आहे जो आमच्या ॲपमध्ये महिनाभर होता, आणि तो कळवताना ‘बटण दाबण्याआधी मी थांबलो नव्हतो’ हे वाक्य अवश्य लिहा. दोष शोधणाऱ्याला त्या एका वाक्याची सर्वांत जास्त गरज असते. आणि पाठवलेली ओळ चौकटीत परत दिसली, तर दुसऱ्यांदा पाठवण्याआधी वर चॅटमध्ये तिच्यावर पोहोचल्याची खूण आहे का, तेवढे पाहून घ्या.